यकृताकडे जाणारा बाण

एंटामीबा हिस्टोलिटिकाच्या जीवनचक्रावर दहा गुणांचा प्रश्न असला की उत्तरपत्रिकेत मी आधी आकृती बघतो, आणि आकृतीत यकृताकडे जाणारा बाण. तो बाण यकृतात जाऊन तिथेच थांबला असेल तर बाकीचे उत्तर बहुधा नीट निघते. तो यकृतातून वळून पुन्हा सिस्टकडे आला असेल, तर त्या मुलाने किंवा मुलीने अवस्थांची नावे, मायक्रॉनमधली मापे, औषधे असे सगळे पाठ केलेले असते, पण परजीवी कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे मनात उतरलेले नसते. वळसंग आणि आसपासच्या खेड्यांतून एसटीने सोलापूरच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवण्यात आणि त्यांचे पेपर तपासण्यात बरीच वर्षे गेली. त्यातून या एका प्रश्नाबद्दल माझे मत पक्के झाले आहे. हे उत्तर दोन गोष्टींवर उभे राहते: आतड्याच्या पोकळीत पूर्ण होणारे एक वर्तुळ, आणि त्या वर्तुळातून बाहेर पडून परत न येणारा एक फाटा. या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या की उरलेला मजकूर आपोआप आपल्या जागी बसतो.

नेहमीचे उत्तर कसे असते ते आधी सांगतो. पहिल्या पानावर संघ, वर्ग, गण अशी वर्गीकरणाची उतरंड असते. मग ट्रोफोझॉइट, प्रीसिस्ट आणि सिस्ट असे तीन मथळे देऊन प्रत्येकाखाली रचना लिहिलेली असते. ही रचना बहुधा बरोबर असते, कारण ती सगळ्या पुस्तकांत जवळपास त्याच शब्दांत आहे. पुढे आमांशाची लक्षणे, यकृतातला गळू, मेट्रोनिडाझोल, हात धुणे, पाणी उकळणे. आणि प्रश्नात जे विचारले होते ते जीवनचक्र या सगळ्याच्या मधे सहा-सात ओळींत उरकलेले असते, तेही ‘सिस्ट पोटात जाते, तिच्यातून ट्रोफोझॉइट बाहेर येतात, ते आतड्यात वाढतात, पुन्हा सिस्ट तयार होतात’ एवढेच. पाच पाने भरूनही अशा उत्तराला दहापैकी पाच-साडेपाच पडतात, आणि मुलांना ते अन्यायाचे वाटते. अन्याय त्यात नाही. तीन अवस्थांचे वर्णन म्हणजे तीन स्थिर चित्रे आहेत. एका अवस्थेतून दुसरी कुठे होते, कशामुळे होते आणि कुठे कधीच होत नाही, हे सांगितल्याशिवाय त्याला चक्र म्हणता येत नाही.

या परजीवीचे मुख्य चक्र आजाराविना चालते, हे लक्षात आणून देणारा सगळ्यात स्वच्छ पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. 1913 साली वॉकर आणि सेलार्ड्स यांनी मनिलाच्या तुरुंगातल्या 20 स्वयंसेवकांना या अमीबाच्या सिस्ट खाऊ घातल्या. 18 जणांना लागण झाली, पण आमांश झाला तो फक्त चौघांना. म्हणजे चौदा माणसांच्या आतड्यात अमीबा राहत होता, आणि त्या माणसांना आजार नव्हता. ती वाहक होती. आजचा प्रयोगनीतीचा विचार अशा प्रयोगाला परवानगी देणार नाही आणि देऊही नये, पण त्यातून जे कळले ते उत्तराची रचना ठरवते. ज्यांना काहीही होत नाही अशा माणसांच्या आतड्यातही चक्र पूर्ण होत असेल, तर व्रण, रक्त आणि यकृतातला गळू हे त्या चक्राचे टप्पे असूच शकत नाहीत. ते चक्राच्या बाहेर घडतात.

यावर जाणकार एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. 1993 साली डायमंड आणि क्लार्क यांनी दाखवून दिले की सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टोलिटिकासारखी दिसणारी, पण ऊतींवर हल्ला न करणारी एंटामीबा डिस्पार ही वेगळी जाती आहे. ब्रम्प्ट यांनी ते 1925 सालीच सुचवले होते. मग वॉकर-सेलार्ड्स यांच्या वाहकांपैकी काहींच्या पोटात डिस्पारच नव्हता कशावरून? असेलही. पण दोन जाती वेगळ्या ओळखता येऊ लागल्यानंतरही एक गोष्ट टिकून राहिली: खऱ्या हिस्टोलिटिकाच्याही बहुतेक लागणी लक्षणांशिवायच असतात. तेव्हा युक्तिवाद ढासळत नाही. उत्तरात डिस्पारवर एकच वाक्य पुरेसे आहे, की तिची सिस्ट दिसायला सारखी असते, म्हणून केवळ सिस्ट पाहून हिस्टोलिटिकाचे निदान पक्के करता येत नाही. हे वाक्य लिहिणारी उत्तरपत्रिका परीक्षकाच्या लक्षात राहते.

आता फाट्याकडे वळू. ट्रोफोझॉइट मोठ्या आतड्याच्या आतल्या थराला चिकटतो, तिथल्या पेशी मारतो, खाली शिरतो आणि सुरईच्या आकाराचा व्रण करतो, वर तोंड अरुंद आणि खाली पसरट. तिथे तो तांबड्या रक्तपेशी गिळतो. काही ट्रोफोझॉइट शिरांत शिरून यकृतद्वार शिरेवाटे यकृतात जातात, बहुधा उजव्या खंडात, आणि तिथे गळू होतो. गळूच्या भिंतीलगत ट्रोफोझॉइट सापडतात, सिस्ट कधीही सापडत नाही. ही एकच गोष्ट सगळा फरक करते. सिस्ट बनते ती आतड्याच्या पोकळीत, ऊतींमध्ये नाही आणि शरीराबाहेरही नाही. यकृतात पोचलेल्या अमीबाला दुसऱ्या माणसापर्यंत जायला वाट उरत नाही. व्रणातून सुटलेले काही ट्रोफोझॉइट परत पोकळीत पडतात हे खरे, पण तीव्र आमांशात जुलाबाबरोबर ते ट्रोफोझॉइट म्हणूनच बाहेर फेकले जातात आणि बाहेर थोड्याच वेळात मरतात. त्यामुळे रक्त-आव पडणारा रोगी त्या दिवसांत जितका आजारी असतो तितका रोग पसरवणारा नसतो. पसरवतो तो चालता-फिरता वाहक, ज्याच्या घट्ट शौचातून सिस्ट पडतात. विद्यार्थ्याने बाण यकृतातून सिस्टकडे वळवला की त्याने नकळत याच्या नेमके उलट विधान केलेले असते.

उत्तराची बांधणी यातूनच निघते. तीन तासांच्या ऐंशी गुणांच्या पेपरात दहा गुणांच्या वाट्याला साधारण बावीस मिनिटे येतात. त्यातली आठ मिनिटे आकृतीला द्यावीत, आणि आकृती आधी काढावी. मुले ती शेवटी काढतात, मग वेळ संपतो, घाईत कोपऱ्यात एक अंडाकृती आणि एक वेडावाकडा आकार उरतो, आणि दोन-तीन गुण तिथेच जातात. आकृती आधी काढण्याचे खरे कारण मात्र वेळेपेक्षा वेगळे आहे. समोर वर्तुळ असले की लिहिणारा त्या वर्तुळावरून बोट फिरवल्यासारखा क्रमाने लिहितो, टप्पा सुटत नाही. सुरुवातीला प्रस्तावनेची दोन-तीन वाक्ये: हा आदिजीव माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतो, चक्र एकाच आश्रयीत म्हणजे माणसात पूर्ण होते, संसर्ग करणारी अवस्था चार केंद्रकांची पक्व सिस्ट. वर्गीकरणाची उतरंड प्रश्नात मागितली नसेल तर लिहू नये, तिला गुण नसतात.

मग चक्र, आणि ते असे वाहते असावे. पक्व सिस्ट दूषित अन्नपाण्यातून पोटात जाते. तिच्या भिंतीवर जठरातल्या आम्लाचा परिणाम होत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जिथे माध्यम आम्लधर्मी राहिलेले नसते, ट्रिप्सिनच्या क्रियेने भिंत कमकुवत होते आणि आतला चार केंद्रकांचा एकच अमीबा बाहेर पडतो. याला मेटॅसिस्ट म्हणतात. त्याची चार केंद्रके विभागून आठ होतात, प्रत्येक केंद्रकाभोवती पेशीद्रव्याचा वाटा येतो आणि आठ छोटे अमीबा तयार होतात. ते मोठ्या आतड्यात, प्रामुख्याने सीकमच्या भागात, पूर्ण वाढीचे ट्रोफोझॉइट होतात आणि द्विविभाजनाने संख्या वाढवतात. पुढे काही ट्रोफोझॉइट गोल होतात, आतले अन्न टाकून देतात, आकाराने लहान होतात, म्हणजे प्रीसिस्ट होतात. तिच्याभोवती भिंत येते. एक केंद्रक असलेल्या या सिस्टमध्ये केंद्रक विभागून आधी दोन आणि मग चार होतात, आणि पक्व सिस्ट शौचावाटे बाहेर पडते. वर्तुळ इथे पूर्ण होते. नवा परिच्छेद सुरू करावा तो यानंतर, आणि त्याचे पहिले वाक्य स्पष्ट असावे: काही लागणींत ट्रोफोझॉइट आतड्याच्या भिंतीत शिरतात, आणि तिथून पुढचा मार्ग चक्रात परत येत नाही. अवस्थांची रचना वेगळ्या मथळ्यांखाली न कोंबता या प्रवाहात, ज्या ठिकाणी ती अवस्था येते तिथेच एका वाक्यात सांगावी.

आकृतीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण गुण तिथेच सांडतात. अर्धे पान घ्यावे, पेन्सिल वापरावी, आणि वर एक आडवी तुटक रेघ मारून वरचा भाग शरीराबाहेरचा, खालचा शरीराच्या आतला असे नाव द्यावे. पक्व सिस्ट या रेघेवर येते, कारण तीच तेवढी दोन्हीकडे टिकते. तिथून उजवीकडे खाली उतरत मेटॅसिस्ट, आठ छोटे अमीबा, तळाशी ट्रोफोझॉइट, आणि डावीकडून वर चढत प्रीसिस्ट, एका केंद्रकाची, दोन केंद्रकांची, मग पुन्हा चारची. मापाचे भान ठेवावे. ट्रोफोझॉइट साधारण 20 ते 30 मायक्रॉनचा असतो आणि सिस्ट बहुधा 12 ते 15 मायक्रॉनची, म्हणून कागदावर ट्रोफोझॉइट तीन सेंटीमीटरचा काढला तर सिस्ट दीड सेंटीमीटरची हवी. बहुतेक आकृत्यांत दोन्ही एकाच मापाच्या असतात. ट्रोफोझॉइटची कडा एका बाजूने बोटासारखी पुढे आलेली, त्या छद्मपादात बाहेरचा स्वच्छ पेशीद्रव्याचा थर कोरा, आतला भाग ठिपक्यांचा. केंद्रकाच्या मधोमध एक बारीक ठिपका, कॅरिओसोम, आणि केंद्रकाच्या कडेला आतून सारख्या अंतरावर बारीक मण्यांची रांग. एवढे एक केंद्रक नीट काढले तरी या जातीची ओळख पटते, कारण आपल्याच आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी एंटामीबा कोलायमध्ये हाच ठिपका मोठा आणि बाजूला सरकलेला असतो. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदता, शक्यतो एकाच बाजूला. बाणांवर क्रियेचे नाव आणि ठिकाण दोन्ही लिहावे: लहान आतडे, मोठ्या आतड्याची पोकळी, शौच.

यकृताचा फाटा ट्रोफोझॉइटपासून निघून वर्तुळाच्या बाहेर जावा. आधी आतड्याची भिंत आणि व्रण, मग यकृत, आणि शेवटी बाणाच्या टोकाशी एक आडवी जाड रेघ. वळसंगला उतरणाऱ्या एसटीसारखा तो बाण नाही, की जिथून परतीची गाडी सुटते. आडव्या रेघेशेजारी तीन शब्द पुरे: सिस्ट होत नाही. तांबड्या रक्तपेशी गिळलेला ट्रोफोझॉइट काढायचा असेल तर तो याच फाट्यावर काढावा. वर्तुळातल्या ट्रोफोझॉइटच्या पोटात रक्तपेशी दाखवल्या की परीक्षकाला कळते की आजारी माणसाच्या शौचाचे चित्र पाहून चक्र रेखाटले आहे. आतड्याच्या पोकळीत राहणारा अमीबा जिवाणू आणि अन्नकण खातो.

आणखी दोन चुका इतक्या वेळा दिसतात की त्यांचे कारण शोधावेसे वाटते. पहिली, आठ केंद्रकांची पक्व सिस्ट. सिस्टमधून आठ अमीबा होतात हे लक्षात असते, मग सिस्टमध्येच आठ केंद्रके असणार असा तर्क मुले करतात. हिस्टोलिटिकाच्या सिस्टमध्ये चारच केंद्रके असतात, आठ होतात ती बाहेर पडल्यानंतरच्या विभाजनाने. आठ केंद्रकांची सिस्ट एंटामीबा कोलायची, आणि ती काढली की वेगळ्या प्राण्याचे चित्र काढल्यासारखे होते, म्हणून इथे परीक्षक गुण कापतो. दुसरी चूक उलट प्रकारची आहे: चार केंद्रकांच्या सिस्टमध्ये जाडजूड, गोल टोकांच्या क्रोमॅटॉइड काड्या आणि ग्लायकोजनचा मोठा ठिपका. या दोन्ही गोष्टी सिस्टच्या साठ्याच्या आहेत. कोवळ्या, एक-दोन केंद्रकांच्या सिस्टमध्ये त्या ठळक असतात आणि पक्व होताना वापरल्या जाऊन सहसा दिसेनाशा होतात. पुस्तकांत जागा वाचवण्यासाठी एकाच सिस्टच्या चित्रावर सगळी नावे देतात, आणि मुले ते चित्र उतरवतात. चक्राच्या आकृतीत मात्र तीन सिस्ट वेगळ्या काढायला जागा असते, तेव्हा काड्या पहिल्या दोन सिस्टमध्ये दाखवाव्यात आणि चौथ्या केंद्रकाबरोबर त्या गेलेल्या दिसाव्यात.

शरीराबाहेरच्या भागाला मुले दोन शब्द देतात, दूषित अन्नपाणी, आणि तो भाग सोडून देतात. वळसंगच्या आसपासची काळी जमीन, विहिरी, ज्वारी आणि कडक उन्हाळा ज्यांनी रोज पाहिला आहे त्यांना तरी हा भाग सहज भरता यायला हवा. सिस्ट वाळली की मरते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या वर गेला की उघड्या रानातल्या शौचातली सिस्ट फार टिकत नाही. ओलाव्यात आणि पाण्यात मात्र ती बरेच दिवस जिवंत राहते. म्हणून पावसाने रानातले पाणी विहिरीत वाहून आले की, सांडपाण्यावर वाढलेली मेथी-कोथिंबीर न धुता खाल्ली की, किंवा वाहकाने हात न धुता भाकरी थापली नाही तरी वाढली की चक्राचा वरचा अर्धा भाग पूर्ण होतो. भाकरी तव्यावर भाजली जाते, त्या उष्णतेत सिस्ट मरते, पण भाजल्यानंतर तिला लागलेला हात मारत नाही. पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनवर या सिस्टच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही, पाणी उकळले की त्या मरतात. यातली दोन वाक्ये उत्तरात आली तर ती आकृतीच्या तुटक रेघेच्या वरचा मजकूर ठरतात. ती ‘प्रतिबंधक उपाय’ या वेगळ्या मथळ्याखाली टाकायची गरज राहत नाही.

आक्षेप येतो तो असा की परीक्षक पानांवर नजर टाकतो, ठळक शब्द शोधतो आणि गुण देतो, मग एवढी रचना कशाला. शब्द शोधले जातात हे खरेच आहे. उत्तराच्या साच्यात एक्सिस्टेशन, मेटॅसिस्ट, द्विविभाजन, एनसिस्टेशन, चार केंद्रकांची सिस्ट हे शब्द नोंदवलेले असतात. पण हे सगळे शब्द वर्तुळाच्या मार्गावर त्याच क्रमाने येतात, आणि मथळ्यांच्या उत्तरात मेटॅसिस्ट तर जवळजवळ नेहमी गळतो, कारण तीन अवस्थांच्या यादीत त्याला मथळाच नसतो. शब्द शोधणाऱ्या परीक्षकाकडूनही क्रमाने लिहिलेल्या उत्तराला जास्त मिळते ते यामुळे. दुसरा आक्षेप आजाराबद्दलचा. दहा गुणांच्या उत्तरात रोगलक्षणे नसतील तर ते अपुरे वाटेल अशी भीती असते. प्रश्नात जीवनचक्र आणि रोगकारकता असे दोन्ही असेल तर फाट्याचा परिच्छेद मोठा करावा, व्रण, गळू, त्यातला तपकिरी पू, सगळे लिहावे. केवळ जीवनचक्र विचारले असेल तर फाट्याला पाच-सहा ओळी पुरेत, आणि औषधांना एकही नको. तिसरा आक्षेप चित्रकलेचा. हात चांगला नाही म्हणणाऱ्यांना एवढेच सांगता येते की इथे वर्तुळे, अंडाकृती आणि ठिपके यांच्यापलीकडे काहीच काढायचे नसते, आणि परीक्षक रेघेचा गोडवा बघत नाही. तो केंद्रके मोजतो, माप बघतो, बाणांची दिशा बघतो.

बावीस मिनिटांतली शेवटची दोन उत्तर वाचण्यापेक्षा आकृतीवर पुन्हा एकदा बोट फिरवण्यात घालवावीत. सिस्टमध्ये चार, मेटॅसिस्टमध्ये चार, मग आठ वेगळे अमीबा, प्रत्येकात एक केंद्रक, ट्रोफोझॉइटमध्ये एक, प्रीसिस्टमध्ये एक, सिस्टमध्ये एक, दोन, आणि परत चार. कुठे आकडा अडला तर चूक तिथेच आहे, आणि ती पेन्सिलीची असल्याने खोडता येते. यकृताच्या बाणाला आडवी रेघ मारायची राहिली असेल तर ती मारावी, आणि आकृतीखाली नाव लिहावे: एंटामीबा हिस्टोलिटिकाचे जीवनचक्र. हे नाव शाईच्या पेनाने लिहिताना पहिला शब्द मोठ्या आणि दुसरा लहान लिपीत सुरू करण्याचा, दोन्ही शब्द अधोरेखित करण्याचा नियम रोमन लिपीत उत्तर लिहिणाऱ्यांनी पाळावा, त्याचा अर्धा गुण बरेच परीक्षक राखून ठेवतात.